तीस प्रश्न, दोन अंकी उत्तरं: तासगावहून आयओक्यूएमपर्यंतचे सात महिने

१८ फेब्रुवारी २०२४ ला आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ह्याच्या पुढं काय असतंय?" तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. ऑलिंपियाडचं नाव आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते म्हणजे नेमकं काय, कुठून अर्ज करायचा, कोणत्या वर्गापासून बसता येतं, हे सांगणारं जवळपास कुणी सापडत नाही. सप्टेंबरपर्यंत त्या मुलीने आणि मी मिळून काय काय केलं, ते क्रमाने लिहिते आहे.

बाजारात ‘ऑलिंपियाड’ नावाच्या खूप परीक्षा आहेत. त्यातल्या बऱ्याच खासगी संस्थांच्या असतात आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसाठी भारताचा संघ निवडण्याशी काही संबंध नसतो. संघनिवडीच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स ही परीक्षा. आठवी ते बारावीच्या मुलांना ती देता येते. त्यातून निवडलेली मुलं आरएमओला, म्हणजे विभागीय गणित ऑलिंपियाडला बसतात, मग जानेवारीत आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड, आणि त्यानंतर प्रशिक्षण शिबिर. आम्हाला फक्त पहिल्या पायरीचा विचार करायचा होता आणि तेवढाही पुरेसा होता.

फेब्रुवारी-मार्च: बहात्तर सेकंदांची सवय मोडणं

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आयओक्यूएममध्ये ३० प्रश्न आणि ३ तास, म्हणजे एका प्रश्नाला ६ मिनिटं. कागदावर हा फरक सुखाचा वाटतो. प्रत्यक्षात आमची सगळ्यात मोठी अडचण हीच होती. शिष्यवृत्तीची तयारी केलेलं मूल दीड मिनिटात वाट दिसली नाही की "हे येत नाही" म्हणून पुढे जातं, कारण वर्षभर त्याला तेच शिकवलेलं असतं. दुसरं म्हणजे पर्याय. चार पर्याय समोर असले की मुलं ते उलटे प्रश्नात घालून बघतात आणि हुशार मुलं तर हे फार सफाईने करतात. आयओक्यूएममध्ये पर्यायच नसतात. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक पूर्ण संख्या असते आणि ती स्वतः शोधून उत्तरपत्रिकेवर दशक व एकक अशा दोन स्तंभांत गोल काळे करून नोंदवायची असते.

म्हणून पहिले सहा आठवडे एकच नियम ठेवला. दिवसाला एक गणित, वेळ चाळीस मिनिटं, आणि चाळीस मिनिटं होईपर्यंत उत्तर विचारायचं नाही. सुटलं नाही तर काय काय करून पाहिलं ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिच्या वहीत "काही सुचलं नाही" एवढंच असायचं आणि मलाही काळजी वाटायची की मुलीचा गणितातला रस आपणच घालवतो की काय. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट बदलली. काही सुचलं नाही तर प्रश्नातली मोठी संख्या काढून तिच्या जागी १, २, ३, ४ घालायचे, असं ठरवलं. त्यानंतर वही कोरी राहिली नाही.

या युक्तीचा फायदा आणि धोका एकाच गणितात समजला. गणित असं: एका रांगेत ९ खुर्च्या आहेत. एसटीत जागा धरतात तसे काही खुर्च्यांवर रुमाल टाकायचे, पण शेजारच्या दोन खुर्च्यांवर रुमाल येता कामा नयेत. एकही रुमाल टाकला नाही तरी तो एक प्रकार धरायचा. एकूण प्रकार किती?

तिने खुर्च्या कमी केल्या. १ खुर्ची असेल तर २ प्रकार, रिकामी किंवा भरलेली. २ खुर्च्या असतील तर ३. ३ असतील तर ५. इथे तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मूळ संख्या आहेत. पुढचं ७." मी काही बोलले नाही, फक्त ४ खुर्च्यांचे प्रकार मोजायला सांगितले. एकही रुमाल नाही हा १, एकच रुमाल असे ४, दोन रुमाल असे ३ (पहिली-तिसरी, पहिली-चौथी, दुसरी-चौथी). बेरीज ८. सात आले नाहीत.

तीन संख्यांवरून आकृतिबंध ओळखणं बुद्धिमत्ता चाचणीत चालतं, कारण तिथे तेच अपेक्षित असतं. इथे कारण सापडेपर्यंत आकृतिबंध हा नुसता अंदाज असतो. कारण शोधायला तिला दोन दिवस लागले. मी एवढंच म्हटलं होतं, "शेवटच्या खुर्चीकडे बघ." शेवटची खुर्ची रिकामी असेल तर उरलेल्या ८ खुर्च्यांवर काहीही चालतं, म्हणजे ८ खुर्च्यांचे जितके प्रकार तितके. शेवटच्या खुर्चीवर रुमाल असेल तर तिच्या शेजारची रिकामीच हवी आणि मग उरलेल्या ७ खुर्च्यांचे जितके प्रकार तितके. म्हणून प्रत्येक वेळी आधीच्या दोन उत्तरांची बेरीज: २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. नऊ खुर्च्यांना ८९.

गणित सुटलं की त्यात एक बदल करून पुन्हा सोडवायचं, ही सवय इथूनच लागली. खुर्च्या गोल मांडल्या तर? आता पहिली आणि नववीही शेजारी. पहिली रिकामी असेल तर उरलेल्या ८ रांगेतल्यासारख्याच, म्हणून ५५. पहिलीवर रुमाल असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या, मध्ये उरल्या ६, म्हणून २१. एकूण ७६. हे बरोबर आहे का, ते ४ गोल खुर्च्यांवर तपासून घेतलं. रीत सांगते ५ आणि २ मिळून ७. मोजून पाहिलं तर रिकामे १, एकेक रुमाल ४, समोरासमोरचे २, म्हणजे ७ च. तपासणीसाठी लहान आकडा घेतला की एक मिनिट पुरतं. हे मिनिट वाचवू नये.

एप्रिल-मे: पुस्तकात नसलेलं काय शिकवावं लागतं

वार्षिक परीक्षेनंतर मे महिन्याची सुट्टी हाताशी होती. अभ्यासक्रमाकडे बघून मी घाबरले होते, कारण आठवी संपवलेल्या मुलीकडे मोजणीच्या रीती नसतात, भागाकारातल्या बाकीचं गणित नसतं आणि समरूपता व वर्तुळातले कोन दहावीत येतात. सगळं करायला गेलो असतो तर काहीच झालं नसतं. म्हणून संख्या सिद्धांत आणि मोजणी पूर्ण घ्यायची, भूमितीतलं फक्त समरूप त्रिकोण आणि वर्तुळातले कोन घ्यायचे, त्रिकोणमिती सोडून द्यायची, असं ठरवलं. नववीच्या मुलासाठी ही निवड आजही मला योग्य वाटते. अकरावीच्या मुलाला मी वेगळं सांगेन.

संख्या सिद्धांताची सुरुवात वारांपासून केली. आज रविवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? हे पाचवीतलं पोरही सांगतं: १०० ला ७ ने भागून बाकी २, म्हणून मंगळवार. यात संख्या किती मोठी आहे याला महत्त्व नाही, बाकी किती आहे यालाच आहे. आणि दोन संख्यांची बेरीज किंवा गुणाकार करताना त्यांच्या बाक्यांवर तीच क्रिया केली तरी शेवटची बाकी बदलत नाही. एवढ्या दोन वाक्यांवर आम्ही तीन आठवडे काढले.

त्यातलं एक गणित पूर्ण सांगते, कारण त्यात जी चूक झाली ती आम्हाला परीक्षेपर्यंत पुरली. १ ते १०० मधल्या किती n साठी n² + n + 1 ला ७ ने पूर्ण भाग जातो?

शंभर संख्या घालून बघायची गरज नाही. n ला ७ ने भागल्यावर बाकी ० ते ६ यांपैकी काहीतरी असणार, म्हणून सातच वेळा बघायचं. बाकी ० असेल तर किंमत १ येते, १ असेल तर ३. बाकी २ ला ७ येतात, म्हणजे भाग जातो. ३ ला १३ येतात, भाग जात नाही. ४ ला २१ येतात, भाग जातो. ५ ला ३१ आणि ६ ला ४३, दोन्हीला भाग जात नाही. म्हणजे n ची बाकी २ किंवा ४ हवी.

इथपर्यंत ती न अडखळता आली. मग तिने लिहिलं: १०० भागिले ७ म्हणजे १४, प्रत्येक सातात दोन, म्हणून २८. उत्तर चूक. बरोबर उत्तर २९ आहे.

चूक का झाली हे पुन्हा वारांवरूनच समजलं. ९८ पर्यंत १४ पूर्ण आठवडे होतात आणि त्यात २८ संख्या मिळतात. पण ९९ आणि १०० हे पंधराव्या आठवड्याचे दोन दिवस बाहेर राहिले. ९९ ची बाकी १, ती चालत नाही. १०० ची बाकी २, ती चालते. खात्री करायची तर १०० × १०० + १०० + १ = १०१०१ आणि ते ७ × १४४३ बरोबर भरतं. तर्क पूर्ण बरोबर, रीत बरोबर, आणि तरी गुण शून्य, कारण इथे रीतीला गुण नसतात. शाळेच्या पेपरात अशा उत्तराला चारपैकी साडेतीन गुण मिळाले असते. या दिवशी ती रडवेली झाली होती. मी तिला तिच्या वहीच्या मागच्या पानावर एक मथळा लिहायला सांगितला, ‘काठावरची संख्या’, आणि तिथून पुढे अशी प्रत्येक चूक त्या पानावर तारखेसह जायला लागली. ऑगस्टअखेर त्या पानावर २३ नोंदी होत्या. शेवटची संख्या सुटणं, शून्य धरणं-न धरणं, दोन टोकांमधली अंतरं मोजताना एकाने चुकणं, हे सगळं त्यातच आलं.

जून: इंग्रजी शब्दांची वही

आम्ही सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत होत्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर त्या उत्तरांसह मोफत मिळतात. गावातल्या दुकानात छपाई दोन रुपये पान, सगळ्या मिळून दीडशे रुपयांच्या आत काम झालं. पुस्तकांवर आम्ही फारसा खर्च केला नाही.

मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी वाचता येत होतं, अडचण फक्त दहा-बारा शब्दांची होती. ते शब्द साधे दिसतात आणि उत्तर बदलून टाकतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की शून्य बाहेर, ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हटलं की शून्य आत. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, म्हणजे तेवढे किंवा कमी. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे सगळे वेगवेगळे. आणि ‘ऑर्डर्ड पेअर्स’, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या क्रमित जोड्या.

शेवटच्या शब्दाने उत्तर जवळजवळ दुप्पट कसं होतं ते एका गणितात दिसलं: 1/x + 1/y = 1/12 असे धन पूर्णांक x आणि y, क्रमित जोड्या किती? तिने पहिल्यांदा संख्या घालायला सुरुवात केली. x बारापेक्षा मोठा हवा हे तिने स्वतः ओळखलं, कारण 1/x हा 1/12 पेक्षा लहानच असणार. १३ घातलं तर y १५६, १४ ला ८४, १५ ला ६०, १६ ला ४८. १७ ला पूर्णांक येत नाही. १८ ला ३६, २० ला ३०, २१ ला २८, २४ ला २४. पुढे गेलं की त्याच जोड्या उलट्या येतात. आठ जोड्या. यात अर्धा तास गेला.

दुसरी वाट अशी. छेद काढून टाकले की 12x + 12y = xy. सगळं एका बाजूला घेऊन दोन्हीकडे १४४ मिळवले की डावी बाजू अवयवांत मोडते:

(x − 12)(y − 12) = 144

म्हणजे १४४ चे जितके विभाजक तितकी उत्तरं. 144 = 2⁴ × 3², म्हणून विभाजक (४+१) × (२+१) = १५. इथे एक प्रश्न विचारायलाच हवा: दोन्ही कंस ऋण असले तर? x आणि y धन आहेत, म्हणून ऋण कंस −१२ पेक्षा मोठा राहणार आणि दोन ऋण कंसांचा गुणाकार १४४ पर्यंत पोचणार नाही. तेव्हा उत्तर १५.

आठ आणि पंधरा, दोन्ही बरोबर आहेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. २४-२४ ही जोडी उलटली तरी तीच राहते, बाकीच्या सात जोड्या दोनदा मोजल्या जातात: १४ आणि १ मिळून १५. दोन रीतींनी आलेली उत्तरं अशी एकमेकांना जुळली की तपासणी आपोआप होते. त्यानंतर ती प्रश्न वाचताना असे शब्द पेन्सिलीने गोल करायला लागली आणि ही सवय मी आता वर्गातल्या सगळ्या मुलांना लावते.

‘दोन्हीकडे १४४ मिळवायचे’ हे कसं सुचायचं, असं तिने विचारलं होतं. खरं उत्तर असं की पहिल्यांदा ते कुणीतरी दाखवावं लागतं. पण एकदा दाखवल्यावर तीन दिवसांनी आकडे बदलून तेच गणित कोऱ्या कागदावर सोडवायला द्यावं. उत्तर वाचून "समजलं" म्हणणं आणि तीन दिवसांनी स्वतः करता येणं यांतलं अंतर फार मोठं आहे. आमच्या अनुभवात वाचून समजलेल्या दहा गणितांपैकी तीन-चारच तीन दिवसांनी जमायची. न जमलेली पुन्हा रांगेत.

जुलै: अर्ज

आमची शाळा परीक्षेचं केंद्र नव्हती. आयओक्यूएमसाठी शाळा केंद्र म्हणून नोंदणी करतात आणि ज्यांची शाळा केंद्र नाही त्यांनी जवळच्या नोंदणीकृत केंद्रातून नाव द्यायचं असतं. हे आम्हाला जूनमध्येच समजलं म्हणून बरं झालं, कारण नोंदणीची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. सांगलीतल्या एका शाळेने तिचं नाव घ्यायची तयारी दाखवली. मी आधी फोन केला होता, पण काम प्रत्यक्ष जाऊनच झालं. त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या.

पहिल्या फेरीत मुख्याध्यापकांच्या सहीचा बोनाफाईड दाखला हवा असं समजलं. दुसऱ्या फेरीत दाखला होता, पण आधारवरचं वडिलांचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक निघाला. आधार दुरुस्त करायला वेळ नव्हता, म्हणून दाखल्यावर आधारप्रमाणे स्पेलिंग घालून पुन्हा सही-शिक्का आणला. तिसऱ्या फेरीत काम झालं. फी ३०० रुपये. तिचे वडील द्राक्षबागेत काम करतात आणि तीन फेऱ्यांसाठी त्यांची तीन दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून दोन वेळा मीच गेले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा झाला नाही. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आधार, शाळेचा दाखला आणि जन्मतारीख हे तिन्ही मे महिन्यातच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघावं.

जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढलं आणि आठवडाभर सगळ्यांचं लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती आहे याकडे होतं. त्या दिवसांत शिकवणं फोनवर झालं. मी गणित सांगायची, ती सोडवून वहीचा फोटो पाठवायची. भूमिती मात्र फोनवर जमत नाही, आकृतीत रेषा कुठे वाढवायची हे शेजारी बसूनच दाखवावं लागतं. आमची भूमिती तिथे मागे पडली ती पडलीच.

ऑगस्ट: तीन तास बसणं

ऑगस्टच्या चार रविवारी जुन्या चार प्रश्नपत्रिका घेतल्या, सकाळी दहा ते एक, शाळेच्या रिकाम्या वर्गात. परीक्षेचीही तीच वेळ असते. पहिल्या वेळी तिने पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सुरुवात केली आणि सातव्या प्रश्नावर पन्नास मिनिटं घालवली. फेब्रुवारीत जी चिकाटी मी मागितली होती, ती आता तिला अडवत होती.

पेपरात पहिले दहा प्रश्न २ गुणांचे, पुढचे दहा ३ गुणांचे, शेवटचे दहा ५ गुणांचे असतात. चुकीला गुण कापत नाहीत. यावरून आम्ही एक क्रम ठरवला. पहिली पंधरा मिनिटं फक्त तीसही प्रश्न वाचायचे आणि प्रत्येकासमोर खूण करायची: वाट दिसते, थोडी दिसते, दिसत नाही. मग वाट दिसते ते सोडवायचे, एकावर जास्तीत जास्त बारा मिनिटं. ५ गुणांचे प्रश्नही वाचायलाच हवेत, कारण त्यात कधी कधी ओळखीचं गणित निघतं आणि क्रमाने जाणारं मूल तिथपर्यंत पोचतच नाही. शेवटची पंचवीस मिनिटं नवं गणित घ्यायचं नाही, सुटलेली गणितं ‘काठावरची संख्या’ या पानासारखी तपासायची.

गोल काळे करण्याचाही सराव केला. उत्तर ७ असेल तर ०७ असं भरायचं, दशकात शून्य. हे सांगून लक्षात राहत नाही. कोऱ्या छापील नमुन्यावर दोन वेळा भरून घेतलं तेव्हाच बसलं. आणि उत्तर १०० किंवा त्याहून जास्त आलं, अपूर्णांक आला किंवा ऋण आलं, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. पर्याय नसलेल्या पेपरात एवढीच एक फुकटची तपासणी मिळते. चार सराव पेपरांत तिला असा इशारा पाच वेळा मिळाला आणि त्यातली तीन गणितं तिने दुरुस्त केली.

८ सप्टेंबर

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी, रविवारी. घरात गणपती बसलेला, पाहुणे आलेले, रात्री आरती. तिच्या आईने त्या रात्री तिला साडेनऊलाच शेजारच्या काकूंकडे झोपायला पाठवलं. सकाळी साडेसातची एसटी धरली, कारण दीड दिवसाच्या विसर्जनाने रस्ता अडेल अशी भीती होती. तसं झालं नाही आणि आम्ही नऊच्या आत केंद्रावर पोचलो. सोबत प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन बॉलपेन, पाण्याची बाटली. मनगटी घड्याळ आत नेऊ दिलं नाही. वर्गात भिंतीवर घड्याळ होतं.

एक वाजता ती बाहेर आली तेव्हा गप्प होती. एसटीत कवलापूर मागे पडेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, चौदा भरले. सोळा कोरेच सोडले." गुण कापत नसताना कोरे का सोडले, असं मी विचारलं नाही. शंभर शक्यतांमधून एक अंदाज लागून फारसं काही मिळत नाही.

उत्तरसूची आल्यावर तिने प्रश्नपत्रिकेवर लिहून ठेवलेली उत्तरं जुळवली. चौदापैकी नऊ बरोबर: २ गुणांचे सहा, ३ गुणांचे दोन, ५ गुणांचा एक. एकूण २३. आरएमओसाठी निवड झाली नाही आणि ती होणार नाही हे २३ बघूनच दोघींना समजलं होतं.

मग आम्ही पाच चुका घेऊन बसलो. दोन पुन्हा काठावरच्या होत्या, म्हणजे २३ नोंदींनंतरही. एकात ‘डिस्टिंक्ट’ शब्दाला गोल केला होता, पण मोजताना विसरली. एक साधी वजाबाकीची चूक. एकातच रीत मुळात चुकीची होती. सोडलेल्या सोळांपैकी सात भूमितीचे होते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दहावीचं वर्तुळाचं प्रकरण सुरू केलं, चक्रीय चौकोनापासून, आणि काठावरच्या चुकांसाठी नवा नियम केला: मोजणीच्या प्रत्येक गणितात पहिली आणि शेवटची चालणारी संख्या प्रत्यक्ष लिहायची, मग मधल्या मोजायच्या.

३ नोव्हेंबरला आरएमओ झाली. पेपर उपलब्ध झाल्यावर त्याचीही छपाई काढली. त्यात सहाच प्रश्न असतात, वेळ तीन तास आणि उत्तरापेक्षा सिद्धता लिहायची असते. तिने संख्या सिद्धांताचं एक गणित निवडलं. पहिल्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, चौथ्या दिवशी दीड पान. मी त्यात एका ठिकाणी लाल पेनने "का?" असं लिहिलं. ती वही परत घेऊन गेली आहे.